‘उष्टं’ म्हणजे ‘लेफ्टओव्हर’ नव्हे : चोखोबांच्या घरातले अभंग इंग्रजीत नेताना

परदेशातल्या काही तरुण मित्रांसाठी आम्ही एकदा संतवाणी ऐकवण्याचा कार्यक्रम केला. चोखामेळा, सोयराबाई आणि कर्ममेळा यांचे अभंग गायचे, प्रत्येक अभंगाचा इंग्रजी अनुवाद पडद्यावर दाखवायचा, असा साधा बेत होता. अनुवाद आमचाच होता. गाणे संपल्यावर एक श्रोता मनापासून म्हणाला, ‘किती साधा माणूस! आमच्याही घरी कालचं उरलेलं गरम करून खातात.’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आम्ही ‘उष्टे’ या शब्दाला ‘लेफ्टओव्हर’ हा इंग्रजी शब्द लावला होता. शब्दकोशाप्रमाणे तो चूक नव्हता. पण आमच्या पूर्वजांच्या ताटातले शेकडो वर्षांचे अपमान त्या एका शब्दाने पुसले आणि त्यांच्या जागी फ्रिजमधला डबा ठेवला.

चूक त्या श्रोत्याची नव्हती, आमचीच होती. म्हणून हा लेख.

काही साथी विचारतील की आंबेडकरी चळवळीला या अभंगांशी काय देणेघेणे? आपण विठ्ठल सोडला, वारी सोडली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेवटी देतो. आत्ता एवढेच सांगतो : हे अभंग आपण इंग्रजीत नेले नाहीत तरी दुसरे नेणारच आहेत, नेतही आले आहेत. ते कसे नेले गेले, याचाही एक इतिहास आहे.

इंग्रजीत कोण, कसे पोचले

मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेण्याचे सुरुवातीचे मोठे काम मिशनऱ्यांनी केले. निकोल मॅकनिकोल यांचे ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ हे 108 अभंगांचे पुस्तक 1919 साली आले. त्यात सर्वांत मोठा वाटा तुकोबांचा होता. पुस्तकाचे नाव पाहा. ‘साम’ म्हणजे बायबलमधले स्तोत्र. अभंगाला स्तोत्राचे नाव दिले की इंग्रजी वाचक तो आपल्या चर्चमधल्या सवयीने वाचू लागतो. देवापुढे वाकलेला माणूस दिसला की तो पापाची कबुली देतो आहे, असे त्याला वाटते. पुढे जस्टिन ॲबट यांनी नरहर गोडबोले यांच्यासोबत महिपतीच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद केला आणि चोखोबांची कथा इंग्रजीत पोचली. पण महिपती अठराव्या शतकातला. चोखोबांनंतर चारशे वर्षांनी त्याने सांगितलेल्या त्या कथेत चमत्कार पुढे असतात आणि गावगाडा मागे पडतो.

चित्र बदलले ते एलिनॉर झेलियट यांच्यामुळे. त्या मुळात आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक होत्या. चळवळीचा शोध घेता घेता त्या चोखोबांपर्यंत मागे गेल्या, त्यामुळे देवळाकडून न येता त्या महारवाड्याकडून आल्या. 2002 साली रोहिणी मोकाशी-पुणेकर यांचा चोखोबांच्या अभंगांचा स्वतंत्र अनुवाद ‘ऑन द थ्रेशोल्ड’ या नावाने आला. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. ‘साम’पासून ‘उंबरठ्या’पर्यंतचा हा प्रवास समजून घ्या. पहिल्या नावात फक्त भक्त आणि देव आहेत. दुसऱ्या नावात दार आहे, आणि त्या दाराबाहेर थांबवलेला माणूस आहे.

हे दार कल्पनेतले नाही. पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. अस्पृश्यांना तिथपर्यंतच येण्याची मुभा होती. साने गुरुजींच्या 1947 च्या उपोषणानंतर ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. परंपरेप्रमाणे चोखोबांचे निधन 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाले. म्हणजे गावकुसाबाहेर राहणारा माणूस गावकूस बांधताना, वेठीच्या कामावर मेला. परक्या श्रोत्याला चोखोबांची ओळख दोन वाक्यांत करून द्यायची असेल तर ही दोन ठिकाणे सांगा : समाधी कुठे आहे आणि मरण कुठे आले. ‘थोर संतकवी’ वगैरे विशेषणांची गरज राहत नाही.

बापाचे उष्टे, लेकाचे उष्टे

आता आमच्या चुकीकडे वळतो. चोखोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात ते देवापुढे महार म्हणून उभे राहतात, जोहार घालतात आणि उष्ट्यासाठी आलो आहे असे सांगतात. या चित्रातला प्रत्येक तपशील वतनी महाराच्या रोजच्या जगण्यातला आहे. जोहार हा महाराने पाटलाला, देशमुखाला, वाड्यावरच्या माणसाला घालायचा नमस्कार. बरोबरीच्या माणसाला कोणी जोहार घालत नसे. गावची चाकरी करायची, मेलेली गुरे ओढायची, सांगावे पोचवायचे आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकर मागायची, ही ती व्यवस्था. आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘जोहार मायबाप’ म्हटले आणि पुढच्या पिढ्यांनी ते टाकून ‘जय भीम’ स्वीकारले, यामागचे कारण हेच.

‘उष्टे’ म्हणजे काय? दुसऱ्याच्या तोंडाला, ताटाला लागलेले अन्न. उरलेले आणि उष्टे यांत फरक आहे. पातेल्यात उरलेली भाजी उरलेली असते, उष्टी नसते. ताटात टाकलेला घास उष्टा असतो. घरात आई लेकराचे उष्टे खाते, ती माया. भक्त देवाचे उष्टे मागतो, तो प्रसाद. पण खालच्या मानलेल्या जातीला वरच्या जातीचे उष्टे खावे लागते तेव्हा तो तिच्या पायरीचा शिक्का असतो. एकाच शब्दात हे तिन्ही अर्थ आहेत आणि चोखोबांच्या त्या अभंगाची सगळी ताकद यातच आहे. गावात जे उष्टे अपमान म्हणून मिळते, तेच ते देवाच्या दारी हक्काने मागतात. श्रोत्याला फक्त प्रसादाचा अर्थ कळला तर त्याला भक्ती दिसते, जात दिसत नाही. फक्त अपमानाचा अर्थ कळला तर जात दिसते, पण चोखोबांनी त्या शब्दाचे काय केले ते दिसत नाही. इंग्रजीतल्या ‘लेफ्टओव्हर’मध्ये तर यातले काहीच नाही.

खरी गंमत पुढे आहे. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याच्या नावावरच्या एका अभंगात हाच शब्द परत येतो, पण सूर बदललेला असतो. तो देवाला सरळ विचारतो की आम्हाला हीन जातीत का घातलेस? जन्मभर उष्टे खाण्यात आमचे आयुष्य गेले, याची तुला लाज कशी वाटत नाही? बापाने जे उष्टे मागितले, ते मुलाने आरोप म्हणून देवापुढे टाकले. एकाच घरात, एकाच शब्दावर दोन पिढ्यांचे हे भांडण आहे.

आमच्या पहिल्या अनुवादात काय झाले होते? बापाच्या अभंगात ‘लेफ्टओव्हर’ आणि मुलाच्या अभंगात ‘स्क्रॅप्स’, कारण तोच तोच शब्द नको, लिहिताना थोडी विविधता हवी असे आम्हाला वाटले. त्या विविधतेने बाप-लेकाचा संवादच तोडला. श्रोत्याला कळलेच नाही की दुसरा अभंग पहिल्याला उत्तर देतो आहे. यातून आम्ही पहिला नियम शिकलो : जातीचा शब्द जिथे जिथे येईल तिथे तिथे अनुवादातही एकच शब्द ठेवायचा. वाक्य जरा खडबडीत झाले तरी चालेल.

मग कोणता शब्द? आम्ही ‘उष्टे’ हाच शब्द ठेवला. यात धाडस काही नाही, वाट आधीच मळलेली आहे. ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या हिंदी आत्मकथनाचा अरुण प्रभा मुखर्जी यांनी इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांनी ‘जूठन’ हे नाव तसेच ठेवले आणि इंग्रजी प्रतिशब्द का पुरे पडत नाहीत हे प्रस्तावनेत सांगितले. ‘जूठन’ आणि ‘उष्टे’ सख्खी भावंडेच आहेत.

शब्द मूळचा ठेवला की टीप द्यावीच लागते. पण ऐकणाऱ्याची टीप आणि वाचणाऱ्याची टीप वेगळी. वाचणारा पानाच्या तळाशी जाऊन परत येतो. ऐकणाऱ्याला तळ नसतो. गाणे सुरू झाल्यावर पडद्यावर टीप आली तर तो एक तर टीप वाचतो, नाही तर गाणे ऐकतो. म्हणून टीप गाण्याच्या आधी, बोलून सांगायची. चाळीस-पन्नास इंग्रजी शब्द झाले की वीसेक सेकंद जातात आणि तेवढे पुरतात. एका अभंगाला एकाच शब्दाची टीप द्यायची. तो शब्द शक्यतो ध्रुपदात किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या चरणात असावा. टाळकरी ते ध्रुपद चार वेळा घोळवतात, तेव्हा सांगितलेला शब्द श्रोत्याच्या कानावर चार वेळा पडतो आणि पक्का होतो.

उष्ट्यावरची आमची सुधारलेली टीप मराठीत सांगायची तर अशी : ‘उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाला लागलेले अन्न. आई मुलाचे खाते ते प्रेमाने. महारांना गावाचे खावे लागे, कारण तोच त्यांचा मोबदला होता आणि तीच त्यांची जागा होती. या गाण्यात बाप ते देवाकडे मागतो. पुढच्या गाण्यात मुलगा त्याच अन्नाबद्दल देवाला जाब विचारतो.’ एवढेच. पुढच्या वेळी कोणी फ्रिजची आठवण काढली नाही.

‘विटाळ’ : एका शब्दावर उभा असलेला युक्तिवाद

दुसरा शब्द याहून अवघड आहे. सोयराबाई ही चोखोबांची पत्नी, कर्ममेळ्याची आई आणि स्वतः अभंगकर्ती. तिचा विटाळावरचा अभंग आज पुष्कळ गायला जातो. त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा तर असा : विटाळ देहाचाच म्हणता, मग देह आला कुठून? ज्याला विटाळ म्हणता त्यातूनच तो घडला. त्याच्यावाचून जगात एकही देह निपजत नाही. मग देह घेऊन आलेला सोवळा कोण?

हा युक्तिवाद चालतो कारण मराठीत ‘विटाळ’ हा एकच शब्द तीन ठिकाणी लागतो. बाईच्या मासिक पाळीला विटाळ म्हणतात. बाळंतपणाच्या अशौचालाही म्हणतात. आणि महाराच्या स्पर्शानेही ‘विटाळ झाला’ असेच म्हणत. सोयराबाई तिसऱ्या विटाळाला पहिल्या विटाळासमोर उभे करते. तुझ्या आईच्या ज्या रक्तातून तू जन्मलास तेच विटाळ असेल, तर माझ्या स्पर्शाने तुला नवे काय लागणार? एक महार स्त्री हे बोलते, म्हणून ते दुप्पट धारदार होते. जातीचा आणि बाईपणाचा असे दोन्ही विटाळ तिच्या एकटीच्या अंगावर लादलेले आहेत.

आता अनुवाद करा. पाळीसाठी ‘मेन्स्ट्रुएशन’ आणि स्पर्शासाठी ‘अनटचेबिलिटी’ लिहिले तर दोन्ही अर्थ बरोबर, पण युक्तिवाद मेला, कारण एका शब्दाचे दोन झाले आणि एकाने दुसऱ्याला खोडायचे थांबले. सगळीकडे ‘पोल्यूशन’ लिहिले तर शब्द एक राहतो, पण आजच्या श्रोत्याला धूर आणि नदीतली घाण आठवते. ‘इम्प्युरिटी’ म्हटले तर ख्रिस्ती संस्कारात वाढलेला श्रोता मनातल्या पापाकडे वळतो. ‘डिफाइलमेंट’ हा त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्यात स्पर्शाने बाटणे आहे. पण तो जुनाट आहे आणि पाळीसाठी कोणी वापरत नाही.

आम्ही इथेही ‘विटाळ’ तसाच ठेवला. टीप अशी केली : ‘विटाळ हा एकच शब्द बाईच्या पाळीसाठी, बाळंतपणासाठी आणि अस्पृश्य माणसाच्या स्पर्शासाठी वापरला जाई. गाणारी बाई आहे आणि अस्पृश्यही आहे. ती विचारते, याशिवाय कोणाचा देह घडला?’ टीपेत उत्तर देत नाही, प्रश्नावर थांबतो. उत्तर गाण्याने द्यावे. टीपेनेच सगळे सांगून टाकले तर मग गाण्याला काम उरत नाही.

टीप चालली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. टीप सांगून, गाणे झाल्यावर श्रोत्याला विचारा की ही बाई कोणाशी बोलते आहे. ‘देवाशी’ असे उत्तर आले तर टीप फसली. ‘जे तिला शिवत नाहीत त्यांच्याशी’ असे आले तर जमली.

पण इथे एक सावधगिरी हवी. सोयराबाई विटाळ ही कल्पनाच खोटी आहे असे म्हणत नाही. ती देहाचा विटाळ मानते, आत्म्याला निर्मळ म्हणते आणि विटाळ सगळ्यांच्या देहाला सारखा वाटून टाकते. तो मुळापासून उपटायची भाषा फार पुढे आली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1888 मध्ये स्पृश्यांना प्रश्न विचारणारी पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावातच ‘विटाळ विध्वंसन’ म्हटले. सोयराबाईच्या तोंडी वलंगकरांची भाषा घालणे हा दोघांवरही अन्याय आहे. दोघांच्या मधला पाच-साडेपाचशे वर्षांचा रस्ता श्रोत्याला दिसला पाहिजे.

नाममुद्रेतून गाळलेली जात

तिसरी गोष्ट लहान आहे, पण ती सर्वांत सहज निसटते. अभंगाच्या शेवटी कर्त्याचे नाव येते, ती नाममुद्रा. सोयराबाई अनेक ठिकाणी आपले नाव सांगत नाही, स्वतःला चोखोबांची ‘महारी’ म्हणवते. याचा अनुवाद ‘चोखाज वाइफ’ असा केला की वाक्य सरळ होते आणि कोणाला खटकत नाही. पण ‘महारी’मध्ये बायको जितकी आहे तितकीच जात आहे. तिने प्रत्येक अभंगाखाली जणू सही केली आणि सहीत जात लिहिली. आपण ‘वाइफ’ लिहून ती सही बदलतो. ‘हीन’ शब्दाचेही असेच होते. त्याला ‘हम्बल’ केले की इतरांनी लादलेली हीनता त्या माणसाचा नम्रपणाचा गुण होऊन बसते. विनम्र असणे हे चोखोबांनी निवडले असेल, पण हीन ठरवले जाणे त्यांनी निवडले नव्हते. ‘महारी’ शब्द ठेवा आणि टीपेत सांगा की हा जातीचा शब्द ती स्वतः वापरते. ‘हीन’साठी ‘लो-बॉर्न’ चालेल, कारण त्यात निदान जन्म तरी आहे.

अडचणीचा अभंग वगळायचा का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. चोखोबांचे असेही अभंग आहेत ज्यांत ते आपला महाराचा जन्म मागल्या जन्मीच्या दोषाचे फळ मानतात. हे अभंग आपल्याला टोचतात. कार्यक्रम ठरवताना आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते की ते गाळावेत, जगापुढे फक्त विद्रोही चोखोबा न्यावेत. दुसऱ्यांचे म्हणणे होते की चोखोबांनाच गाळावे.

आम्हाला दोन्ही पटले नाही आणि त्याचे कारण बाबासाहेबच आहेत. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणावर गांधीजींनी टीका केली तेव्हा बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तरात संतांविषयी स्पष्ट लिहिले आहे. संतांनी जातीविरुद्ध मोहीम काढली नाही. देवाच्या नजरेत सगळे सारखे, असे ते म्हणाले. पण माणसे एकमेकांच्या नजरेत सारखी, हा झगडा त्यांनी लढला नाही. याच बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. टीका करणारा आणि अर्पण करणारा हात एकच आहे. ज्याला यात विसंगती दिसते त्याने दोन्ही पुन्हा वाचावे. मार्ग अपुरा होता हे सांगायचे, आणि त्या मार्गावर चाललेल्या आपल्या माणसाचा मान ठेवायचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात.

म्हणून तो अभंग आम्ही ठेवला. त्याची टीप अशी केली : ‘इथे गाणारा आपल्या जन्माचा दोष स्वतःकडे घेतो. जातिव्यवस्था माणसाला हेच शिकवत असे. त्याच्या मुलाने असे म्हटले नाही.’ आणि लगेच कर्ममेळ्याचा अभंग गायला. टीपेत बापाला झाकलेही नाही आणि नाकारलेही नाही. त्याच्या नंतर कोण आले एवढे दाखवले.

साथींनो, हे काम आपणच केले पाहिजे, कारण ‘महारी’ शब्द वाचताना काळजात काय होते ते शब्दकोशाला ठाऊक नसते. तुमच्या वस्तीत अजून कोणी आजी हे अभंग म्हणत असेल तर आधी तिच्याकडे जा. तिला ‘उष्टे’, ‘जोहार’, ‘विटाळ’ या शब्दांचा अर्थ विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. इंग्रजी मागाहून करता येईल. टीप मात्र तिच्या तोंडून आली पाहिजे.

जय भीम.